मुगाची खिचडी: डाळ-तांदळाचं माप, मऊ की मोकळी त्याचं पाणी, आणि तुपाची फोडणी

खिचडी बिघडली की लोकं तांदळाला नाव ठेवतात, नाहीतर कुकरला. बहुतेक वेळा चूक पाण्यात असते आणि तीही एकाच जागी. पाणी फक्त तांदळाच्या हिशोबानं मोजलेलं असतं. हाताला सवय भाताची, एक वाटी तांदळाला दोन-अडीच वाट्या पाणी, तेच पाणी खिचडीत जातं आणि डाळीच्या वाट्याला काही उरतच नाही. मग पुढच्या वेळी कुणी अंदाजानं एक ग्लास जास्तीचं ओततं, आता पातळ झाली म्हणून त्याच्या पुढच्या वेळी कमी करतं, आणि हे असंच चालू राहतं. दुसरी चूक फोडणीत होते, तूप तापवताना जिरं जळतं आणि चांगली शिजलेली खिचडी कडू होते. ह्या दोन गोष्टी नीट समजून घेतल्या की बाकीचं सोपं आहे.

## आधी ठरवा: कोणती खिचडी पाहिजे

हे ठरवल्याशिवाय डब्यातून तांदूळ काढूच नका, कारण मोकळ्या आणि मऊ खिचडीत फक्त पाणी कमीजास्त नसतं, डाळीचं प्रमाणसुद्धा वेगळं असतं. ठरवायचं कसं, तर ताटात बाजूला काय आहे ते पाहून. कढी केली असेल तर मोकळी करा, कारण कढी ओतल्यावर ती आपोआप मऊ होते आणि आधीच मऊ असली तर सगळं ताट वाहतं. नुसतं तूप, पापड, लोणचं, नाहीतर जवसाची चटणी एवढंच असेल तर मऊ करा. घरात कुणी आजारी असेल, लहान मूल किंवा दात नसलेले आजोबा जेवणार असतील तर आसट, म्हणजे ताटात ओतली की हळूहळू पसरेल अशी.

## १. माप

वाटी कोणतीही घ्या, पण तांदूळ, डाळ आणि पाणी तिन्हीला तीच वाटी. मी साधारण दीडशे मिलीची वाटी धरून लिहितेय, आपल्या घरात वरण वाढायला असते तेवढी.

मोकळ्या खिचडीला २ भाग तांदूळ आणि १ भाग डाळ. मऊ आणि आसट खिचडीला दोन्ही सारखे.

ह्याचं कारण डाळीच्या स्वभावात आहे. सोललेली मूग डाळ शिजली की फुटते आणि पाण्यात विरघळून त्याला घट्ट करते. मऊ खिचडीत आपल्याला तेच पाहिजे असतं, तांदळाच्या दाण्यांना धरून ठेवणारं ते घट्ट पाणी डाळीतूनच येतं. मोकळ्या खिचडीत मात्र तेच पाणी दाणे चिकटवतं. म्हणून कितीही कमी पाणी टाकलं तरी सारख्या प्रमाणातली खिचडी नीट मोकळी होत नाही, आणि हे माहीत नसल्यानं लोकं पाणी कमी करत करत शेवटी कच्च्या डाळीपर्यंत पोहोचतात.

आता पाणी. तांदूळ आणि डाळ मिळून जेवढ्या वाट्या झाल्या त्या एकूणाच्या हिशोबानं कुकरमध्ये एवढं पाणी लागतं:

- मोकळी: दुप्पट
- मऊ: चौपट
- आसट: सहापट

एवढंच पाठ करा. उघड्या गंजात शिजवणार असाल तर वाफ जाते, म्हणून एकूण धान्याच्या दर वाटीमागे अर्धी वाटी पाणी वाढवा.

हा हिशोब भिजवून निथळलेल्या आणि साधारण सहा-आठ महिने जुन्या तांदळाचा आहे. आपल्याकडे दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडचा नवीन तांदूळ यायला लागतो, तो कमी पाणी पितो आणि लवकर चिकट होतो. नवीन तांदूळ असेल तर मोकळ्या खिचडीत एकूण पाण्यातून अर्धी वाटी सरळ कमी करा. मऊ खिचडीत काही बदलू नका, तिथे चालून जातं. कोणता तांदूळ, तर रोजचा एचएमटी किंवा जय श्रीराम मोकळीला छान, आणि मऊला चिन्नोर असेल तर वासच वेगळा येतो. लांब दाण्याचा बासमती ह्यात वाया घालवू नका, त्याचा दाणा मुगासोबत मऊ होताना तुटतो.

तपासून घ्या: डाळ किती जुनी आहे? उन्हाळ्यात वर्षभराचं धान्य भरलेलं असेल आणि त्यातली मागच्या वर्षीची डाळ उरली असेल तर ती शिजायला वेळ घेते. रंग फिका पडलेला असेल आणि वास काहीच येत नसेल तर ती डाळ एक तास भिजवल्याशिवाय वापरू नका.

## २. धुणं आणि भिजवणं

डाळ आणि तांदूळ एकत्र करून तीन-चार पाण्यांनी धुवा. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं निघेल, शेवटचं थोडंसं गढूळ राहिलं तरी चालेल. मोकळ्या खिचडीसाठी मात्र अजून एकदा धुवा, वरचं पीठ राहिलं की दाणे चिकटतात.

मग अर्धा तास भिजत ठेवा. सालीची डाळ असेल तर ती वेगळी काढून तासभर भिजवा, तांदूळ अर्धाच तास. दोन्ही एकत्र एक तास भिजवले तर तांदूळ फुगून ठिसूळ होतो आणि चमच्यानं हलवलं की तुकडे पडतात.

भिजवल्यावर चाळणीत ओतून दहा मिनिटं निथळू द्या. ही पायरी बहुतेक जण खाऊन टाकतात. भिजवलेलं पाणी तसंच भांड्यात ठेवून त्यावर मोजलेलं पाणी ओततात, म्हणजे तळाशी एक-दीड वाटी पाणी हिशोबाबाहेर शिरतं. मऊला ते दिसत नाही, पण मोकळी तिथेच संपते.

आणि अर्धा तास नसेल तर? मऊ खिचडी न भिजवता करा, पाणी अर्धी वाटी जास्त आणि मंद गॅसवर चार-पाच मिनिटं जास्त द्या, होते. मोकळी मात्र भिजवल्याशिवाय करू नका, कमी पाण्यात तांदूळ शिजतो आणि डाळ टचटचीत राहते.

## ३. कुकरमधली सुरुवात

फोडणी दोनदा करायची आहे. एक आता, अगदी साधी, चव आत मुरायला. दुसरी शेवटी, वासाला. सगळंच आता टाकलं तर कुकरच्या वाफेत जिऱ्या-लसणाचा वास निघून जातो.

कुकरमध्ये एक मोठा चमचा तूप, त्यात जिरं, चार-पाच मिरे ठेचून, चिमूटभर हिंग, आणि किसलेलं आलं. आलं परतलं की निथळलेले डाळ-तांदूळ टाका, मग हळद अर्धा चहाचा चमचा. हळद तांदळानंतर टाका म्हणजे ती तुपात करपत नाही.

मोकळीसाठी हे मिश्रण मिडीयम गॅसवर तीन-चार मिनिटं परता. आधी दाणे एकमेकांना चिकटलेले असतात, मग हळूहळू सुटे होतात, कडा थोड्या पारदर्शक दिसतात आणि डाळीचा भाजल्यासारखा वास यायला लागतो. दाण्यावर तुपाचा पातळ थर बसला की ते शिजताना चिकटत नाहीत. मऊसाठी एक मिनिट पुरे, जास्त परतलं तर डाळ उशिरा फुटते आणि आपल्याला तर ती फुटायलाच पाहिजे आहे.

सावधान: टमाटर, चिंच, लिंबू, दही काहीही आंबट ह्या वेळी टाकू नका. आंबटात डाळ लवकर मऊ होत नाही, पाणी बरोबर असूनही कण राहतो. टमाटर पाहिजेच असेल तर शेवटच्या फोडणीत परतून टाका. बोअरच्या पाण्याचंही तसंच आहे, ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्या जड पाण्यात डाळही अडून बसते. तुमच्या बिल्डिंगमध्ये नळाला बोअरचं येत असेल तर खिचडीला प्यायचं पाणी वापरा.

## ४. पाणी टाकणं

पाणी गरम टाका. दुसऱ्या गॅसवर उकळत ठेवा आणि मग मोजून ओता. थंड पाणी टाकलं की कुकर तापेपर्यंत डाळ खाली बसून राहते आणि तळाला धरते, खिचडी खालून लागण्याचं हे पहिलं कारण आहे.

ओतल्यावर चपट्या उलथन्यानं तळ एकदा पूर्ण खरवडा. परतताना चिकटलेलं आलं, हिंग, हळद सगळं सुटून पाण्यात आलं पाहिजे. तिथे एक डाग राहिला तरी तोच जळतो आणि करपलेला वास सगळ्या खिचडीला लागतो.

आता मीठ. मीठ टाकून हलवा आणि ते पाणी चाखा. वरणापेक्षा थोडं खारट लागलं पाहिजे, कारण अजून तांदूळ ते शोषणार आहे. आठ वाट्या पाण्याला सपाट दोन चहाचे चमचे मीठ साधारण बरोबर बसतं.

तपासून घ्या: कुकर अर्ध्याच्या वर भरला आहे का? डाळ-तांदळाला फेस येतो, तो शिट्टीच्या भोकात अडकतो. अर्ध्यापेक्षा जास्त भरलं असेल तर मोठा कुकर घ्या.

## ५. शिट्ट्या आणि वेळ

कुणी विचारलं किती शिट्ट्या, तर लोकं आकडा सांगतात. पण मोठ्या गॅसवर तीन शिट्ट्या पाच मिनिटांत होतात आणि मिडीयमवर त्याच तीन शिट्ट्यांना दहा मिनिटं लागतात, मग एकाच आकड्यावर एकाची कच्ची आणि दुसऱ्याची लगदा. त्यापेक्षा असं करा: पहिली शिट्टी मिडीयम गॅसवर होऊ द्या, मग गॅस एकदम बारीक करून घड्याळ बघा.

- मोकळी: पहिल्या शिट्टीनंतर ५ मिनिटं
- मऊ: ८ ते १० मिनिटं
- आसट: १२ मिनिटं
- सालीची डाळ असेल तर प्रत्येकात २ मिनिटं जास्त

ह्या मिनिटांत मध्ये एखादी शिट्टी झाली तर होऊ द्या, काही बिघडत नाही. पण मोकळीत गॅस मोठा ठेवून चार-पाच शिट्ट्या काढल्या तर प्रत्येक शिट्टीसोबत वाफ जाते, आणि तिथे पाणीच मुळात कमी असल्यानं तळ कोरडा पडतो. पाच लिटरच्या कुकरमध्ये दोन माणसांची मोकळी खिचडी लावली की ह्याच कारणानं ती खालून जळते. थोडी करायची असेल तर छोटा कुकर काढा, नाहीतर कुकरमध्ये पाणी टाकून आत डब्यात लावा. डब्यात लावली तर उष्णता हळू पोहोचते, त्यामुळे बारीक गॅसवरचा वेळ दुप्पट धरा.

गॅस बंद केल्यावर प्रेशर आपोआप जाऊ द्या, दहा-बारा मिनिटं. ह्याच वेळात दाणे उरलेलं पाणी ओढतात.

सावधान: शिट्टी चिमट्यानं उचलून वाफ काढू नका. खिचडीचं घट्ट पाणी फवाऱ्यासारखं बाहेर येतं, हात भाजतो, आणि डाळ मध्येच अडकून कच्ची राहते.

## एक उदाहरण पूर्ण मोजून

चार जण, रात्रीचं जेवण, मऊ खिचडी आणि पापड. एक वाटी एचएमटी, एक वाटी पिवळी मूग डाळ, म्हणजे एकूण २ वाट्या. चौपट म्हणजे ८ वाट्या गरम पाणी, लिटरच्या मापात साधारण सव्वा लिटर. सगळं मिळून कुकरमध्ये साधारण चौदाशे मिली होईल. तीन लिटरचा कुकर अर्धा म्हणजे दीड लिटर, तर हे जेमतेम बसतं. पाहुणे आले आणि अडीच वाट्यांची करायची झाली तर तीन लिटरच्या कुकरचा नाद सोडा, पाच लिटरचा घ्या.

हीच चार माणसं आणि आज कढी आहे, तर मोकळी. दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ, एकूण सव्वादोन वाट्या. दुप्पट म्हणजे साडेचार वाट्या पाणी. नवीन तांदूळ असेल तर चारच. बघा, धान्य जवळपास तेवढंच आहे आणि पाणी मात्र अर्ध्याच्या आसपास आलं, मीठही त्या मानानं सव्वा चमचाच लागेल. पाणी कमी केलं आणि मीठ जुन्याच सवयीनं टाकलं की मोकळी खिचडी खारट होते.

## ६. झाकण उघडल्यावर

उघडल्यावर लगेच घाबरू नका. मऊ खिचडी उघडताक्षणी वर पाणी आणि खाली दाणे अशी दिसते, ती पळीनं तळापासून दोन मिनिटं हलवली की एकजीव होते. आणि अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, खिचडी निवताना घट्ट होत जाते. ताटात जशी पाहिजे त्यापेक्षा कुकरमध्ये ती थोडी पातळच दिसली पाहिजे. पळी उलटी केली की सरसर खाली आली तर दहा मिनिटांनी बरोबर मऊ होईल. पळीला चिकटून गोळा पडत असेल तर जेवायला बसेपर्यंत तिचा दगड होणार.

घट्ट झाली असेल तर उकळतं पाणी अर्धी-अर्धी वाटी टाकून हलवा आणि पुन्हा दोन-तीन मिनिटं उकळी येऊ द्या. थंड पाणी टाकलं तर ते मिसळत नाही, खिचडी एकीकडे आणि पाणी एकीकडे राहतं. पाणी वाढवलं की मिठाची चव पुन्हा घ्या.

पातळ झाली असेल तर झाकण न लावता बारीक गॅसवर ठेवा, सारखी हलवत राहा. घाईत बेसन किंवा पीठ लावू नका, चव बदलते.

मोकळीत तांदूळ शिजला आणि डाळ टचटचीत राहिली असेल तर पाव वाटी उकळतं पाणी वरून शिंपडा, झाकण लावून शिट्टी न काढता बारीक गॅसवर पाच मिनिटं ठेवा. मोकळी करायला गेलात आणि ओली झाली, तर परातीत पसरून पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, थोडी सुधारते. अगदीच लगदा झाला असेल तर ती आता मोकळी होणार नाही, गरम पाणी टाकून सरळ मऊ करून घ्या, जेवण चांगलं होईल.

खालून लागली असेल तर अजिबात हलवू नका, तळ खरवडू नका. वरची खिचडी अलगद दुसऱ्या गंजात काढा आणि तळाचा थर तिथेच सोडा.

## ७. वरची तुपाची फोडणी

ही अगदी शेवटी, लोकं ताटावर बसली की करा. आपल्याकडे गोळाभातावर जशी गरम फोडणी वरून घेतात तशीच ही घ्यायची आहे, करून ठेवली आणि निवली की अर्धी मजा गेली.

साहित्य आधी गॅसजवळ मांडून ठेवा. तूप तापल्यावर लसूण सोलायला घेतला तर फोडणी जळणारच. चार जणांना तीन मोठे चमचे तूप, अर्धा चमचा मोहरी, एक चमचा जिरं, सात-आठ लसणाच्या पाकळ्या काप करून, दोन सुक्या लाल मिरच्या, कढीपत्ता, हिंग. कढीपत्ता धुतला असेल तर कापडानं पुसून कोरडा करा, नाहीतर तूप अंगावर उडतं. घरच्या लोण्याचं तूप असेल तर ते गाळलेलं घ्या. त्यात बेरीचे कण राहिले असतील तर जिरं तडतडायच्या आधीच ते काळे पडतात.

क्रम असा ठेवा:

1. तूप मिडीयम गॅसवर तापवा. जिऱ्याचा एक दाणा टाकून बघा, लगेच बुडबुडे येऊन वर आला तर तूप तयार. तळाशीच बसून राहिला तर थांबा. तुपातून धूर दिसला तर गॅस बंद करून अर्धा मिनिट जाऊ द्या.
2. मोहरी टाका आणि पूर्ण तडतडू द्या. मोहरीला जास्त उष्णता लागते म्हणून ती पहिली. अर्धवट तडतडलेली मोहरी दाताखाली कडू लागते.
3. गॅस बारीक करा, मग जिरं. जिरं दहा-पंधरा सेकंदात फुलतं आणि त्यानंतर लगेच काळं पडायला लागतं.
4. लगेच लसूण आणि लाल मिरची. लसणाच्या कडा फिक्या सोनेरी झाल्या की गॅस बंद. पूर्ण लाल होईपर्यंत थांबू नका, गरम तुपात तो पुढे आपोआप लाल होतो.
5. गॅस बंद केल्यावर कढीपत्ता आणि हिंग. बाजारातल्या डबीच्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं, ते जळत्या तुपात लगेच करपतं.
6. लाल तिखट टाकायचं असेल तर सगळ्यात शेवटी, तुपाचा आवाज थांबल्यावर.

मऊ खिचडीवर फोडणी ओतून झाकण ठेवा, दोन मिनिटांनी उघडून एकदाच वरखाली करा. मोकळीवर मात्र कुकरमध्ये ओतू नका, सगळं तूप एकाच जागी मुरतं. ताटात वाढून प्रत्येकाच्या खिचडीवर चमच्यानं घ्या, वरून चिरलेला हिरवा सांबार. आजारी माणसाच्या आसट खिचडीला लसूण, मिरची, मोहरी काहीच नको, एक चमचा तुपात जिरं आणि हिंग पुरे.

सावधान: जिरं काळं झालं किंवा लसूण करपला तर ती फोडणी टाकून द्या. तीन चमचे तूप गेल्याचं वाईट वाटतं, पण ओतली तर तो कडवटपणा काढायला लिंबू, साखर काहीही चालत नाही आणि सगळी खिचडी जाते. कढली पुसून पुन्हा करा, पाच मिनिटांचं काम आहे.

## ८. उरलेली खिचडी

नागपूरच्या उन्हाळ्यात उरलेली खिचडी ओट्यावर रात्रभर ठेवू नका, आंबते. जेवण झालं की पसरट भांड्यात काढून निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ती घट्ट वडीसारखी निघेल. ती तशीच गॅसवर ठेवली तर खालून जळते आणि मध्ये थंड राहते, म्हणून आधी चमच्यानं फोडून घ्या, दर वाटीमागे पाव ते अर्धी वाटी उकळतं पाणी टाका, झाकण ठेवून बारीक गॅसवर चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. मग एक चमचा तुपाची ताजी जिऱ्याची फोडणी वरून द्या, कालच्या फोडणीचा वास फ्रिजमध्ये बसून गेलेला असतो.